बाबांच्या खिशातलं कार्ड आणि फोनमधले नंबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे बाबा 78 वर्षांचे आहेत. आईबरोबर साताऱ्यात राहतात. मी पुण्यात, भाऊ बंगळूरला. दोन वर्षांपूर्वी मंडईत चक्कर येऊन ते पडले, डोक्याला खोक पडली. खिशात फोन होता, पाकिटात नंबरांचं कार्डही होतं. तरी घरच्यांना कळायला चाळीस मिनिटं गेली. फोनला कुलूप होतं. कार्डावर पहिला नंबर भावाचा, कारण तो थोरला. त्याच्या फोनवर अनोळखी कॉल वाजतच नव्हते. दुसरा नंबर घरच्या फोनचा, आणि आई देवळात गेलेली. शेवटी आईनेच बाबांना ‘अजून कसे आला नाहीत’ म्हणून फोन केला आणि तो भाजीवाल्या मावशींनी उचलला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?’ तिथे असलेल्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. गोळी चालू होती.

बाबा बरे झाले. मग आम्ही कार्ड आणि फोन दोन्ही पहिल्यापासून नीट केले. तेव्हापासून नातेवाईक आणि शेजारीपाजारी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र लिहिले आहेत.

पाकिटात व्हिजिटिंग कार्ड, आधार, सगळं असतंच. वेगळं कार्ड कशाला?

आधारवर पत्ता असतो, पण फोन कोणाला करायचा ते नसतं. रस्त्यावर मदतीला येणारा माणूस अनोळखी असतो, घाबरलेला असतो, आणि एका हाताने तुमच्या वडिलांना सावरत दुसऱ्या हाताने पाकीट चाचपत असतो. पाकिटातल्या बारा कागदांतून हवा तो कागद त्याला एका नजरेत दिसला पाहिजे. म्हणून कार्डाच्या वरच्या कडेला लाल पट्टी आणि त्यात ठळक अक्षरात ‘तातडीच्या वेळी’ एवढंच हवं. कार्ड लिहिताना डोळ्यांसमोर तो अनोळखी माणूस ठेवला, की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

पहिला नंबर कोणाचा द्यायचा?

इथे बहुतेकांची चूक होते, आमचीही झाली. आपण नात्याच्या मानाने नंबर लिहितो: थोरला मुलगा, धाकटा मुलगा, मग मुलगी. अमेरिकेतला मुलगा पहिला असलेली कार्डं मी पाहिली आहेत. अपघात दुपारी चारला झाला तर तिकडे पहाट असते.

पहिला नंबर अशा माणसाचा हवा, जो पंधरा-वीस मिनिटांत तिथे पोहोचू शकतो, दिवसा फोन उचलतो आणि ज्याच्याकडे घराची किल्ली आहे. आमच्याकडे ते शेजारचे काका आहेत. निवृत्त, स्कूटर चालवणारे, बाबांचे रोजचे फिरायचे सोबती. दुसरा नंबर निर्णय घेऊ शकणाऱ्याचा. दवाखान्यात संमतीपत्रावर सही, पैसे, आधीचे आजार याबद्दल जो बोलू शकेल तो. आमच्याकडे ती मी, कारण पुण्याहून दोन-अडीच तासांत पोहोचते. तिसरा भावाचा. आईचा नंबर चौथा ठेवला. तिला कळू नये म्हणून नाही. अनोळखी माणसाकडून अशी बातमी एकटीने ऐकण्यापेक्षा काकांनी दार वाजवून सांगितलेली बरी, असं तिचंच म्हणणं पडलं.

चारपेक्षा जास्त नंबर नकोत. आणि ज्यांचा नंबर देणार त्यांना आधी विचारा. काकांना विचारलं तेव्हा त्यांनी लगेच प्रतिप्रश्न केला, ‘मी गावाला गेलो तर?’ म्हणूनच दुसरा नंबर लागतो.

कार्डावर आजारांची माहिती किती लिहायची?

पहिल्या तासात उपचार ज्याने बदलतील, तेवढीच. बाबांच्या कार्डाचा मजकूर हा असा आहे (नाव आणि नंबर काढून):

तातडीच्या वेळी
(पूर्ण नाव), जन्म 1947, सातारा
1. शेजारी (काका): मोबाइल नंबर
2. मुलगी, पुणे: मोबाइल नंबर
3. मुलगा, बंगळूर: मोबाइल नंबर
4. पत्नी: मोबाइल नंबर
उचलला नाही तर लगेच पुन्हा करा
रुग्णवाहिका 108

मागच्या बाजूला:
रक्त पातळ होण्याची गोळी चालू: वॉरफेरिन
मधुमेह, इन्सुलिन घेतात
पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी
डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला
कार्ड तयार केले: महिना, वर्ष

वॉरफेरिन सगळ्यात वर आहे, त्याला कारण आहे. अशी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर वरून जखम किरकोळ दिसली तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टर अशा वेळी सीटी स्कॅनचा निर्णय लवकर घेतात. पक्षाघाताचं उदाहरण घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि वॉरफेरिन चालू असेल तर आधी रक्त तपासून मगच ते द्यायचं की नाही हे ठरतं. इन्सुलिनचा उल्लेख अशासाठी, की घामाघूम होऊन असंबद्ध बोलणारा म्हातारा माणूस लोकांना दारू प्यायलेला वाटू शकतो, आणि प्रत्यक्षात त्याची साखर उतरलेली असते.

ऐकू येत नसल्याची ओळ बाबांना नको होती. पण डाव्या बाजूने हाका मारूनही माणूस ‘ओ’ देत नाही म्हणजे तो शुद्धीवर नाही, असा समज सहज होतो. शेवटी ते तयार झाले.

पेसमेकर बसवला असेल, फिट येत असतील, डायलिसिस चालू असेल तर तेही लिहा. गुडघ्याचं ऑपरेशन, आम्लपित्त, व्हिटॅमिनच्या गोळ्या यांना कार्डावर जागा देऊ नका. औषधाच्या कंपनीच्या नावापेक्षा मूळ औषधाचं नाव लिहा. एकच गोळी दहा नावांनी विकली जाते, आणि दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना तुमच्या केमिस्टकडचं नाव माहीत असेलच असं नाही. मूळ नाव गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं.

रक्तगट?

नक्की माहीत असेल तर लिहा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. रक्त देण्याआधी दवाखाना नमुना घेऊन गट तपासतो आणि जुळवणी करून मगच पिशवी लावतो. तरुणपणी कुठल्याशा शिबिरात सांगितलेला गट ‘बहुतेक बी पॉझिटिव्ह’ म्हणून आठवत असेल, तर ती ओळ सोडून द्या.

काय लिहू नये?

आधार क्रमांक, बँकेचं काहीही, विम्याचा पॉलिसी नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता. विम्याची आणि आयुष्मानची कागदपत्रं घरच्या फाइलमध्ये ठेवा; रस्त्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत ती लागत नाहीत. पत्त्याचं म्हणाल तर गावाचं नाव पुरतं. किल्ल्यांच्या जुडग्याला कार्ड अडकवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. त्यावर पत्ता असेल तर हरवलेली किल्ली उचलणाऱ्याला घरच दाखवल्यासारखं होईल. जुडग्याला फक्त एक फोन नंबर पुरे.

लघवीचे त्रास, मानसिक आजाराची औषधं अशा गोष्टी आईवडिलांना नको असतील तर त्यांच्या मर्जीविरुद्ध लिहू नका. खिशातलं कार्ड कोणाच्याही हाती पडू शकतं. एखाद्या औषधाबद्दल शंका असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हे कार्डावर लिहायलाच हवं का?’

मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

पुढची बाजू मराठीत, मागची इंग्रजीत. नंबर शोधणारा भाजीवाला, रिक्षावाला किंवा कॉलेजचा मुलगा असतो. औषधांची नावं वाचणारा डॉक्टर असतो. वरचा मजकूर समजायला सोपा जावा म्हणून मी दोन्ही बाजू मराठीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात मागची बाजू इंग्रजीत छापली आहे, ठळक मोठ्या अक्षरांत. नंबर मात्र दोन्ही बाजूंना इंग्रजी आकड्यांतच ठेवा. देवनागरी १ आणि ९ घाईत एकमेकांसारखे दिसतात, आणि परप्रांतीय माणसाला तर ते वाचताच येत नाहीत.

छापायचं कसं? लॅमिनेशन करावं का?

एटीएम कार्डाएवढं करा, म्हणजे साधारण 8.5 बाय 5.4 सेंटिमीटर. पाकिटाच्या कप्प्यात ते बरोबर बसतं. अक्षर 9 पॉइंटपेक्षा लहान नको. देवनागरीत काना-मात्रांमुळे तेवढंही दाटीवाटीचं दिसतं. मजकूर मावत नसेल तर अक्षर लहान करू नका, मजकूर कमी करा. झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर लेझर प्रिंट काढून घ्या. घरच्या इंकजेटची शाई घामाने किंवा पावसाने पसरते.

लॅमिनेशन आम्ही पहिल्यांदा हौसेने केलं आणि तीन महिन्यांत पस्तावलो. गोळी बदलली, पण कार्ड बदलायचं म्हणजे सगळं नव्याने करायचं, म्हणून चालढकल झाली. चुकीचं औषध लिहिलेलं कार्ड खिशात असण्यापेक्षा कार्ड नसलेलं बरं. आता ओळखपत्राचं पारदर्शक प्लॅस्टिकचं पाकीट वापरतो. आतला कागद बदलायला दोन मिनिटं लागतात.

क्यूआर कोडबद्दलही विचारतात. छापायचा असेल तर मजकुराच्या जोडीला छापा, त्याच्या जागी नको. रेंज नसलेल्या घाटात किंवा बॅटरी संपलेल्या फोनसमोर तो नुसता चौकोन असतो.

कार्ड ठेवायचं कुठे? आईच्या साडीला खिसा नसतो.

हा प्रश्न फक्त बायकाच विचारतात आणि तो अगदी बरोबर आहे. पर्स बरोबर असते ती बाजारात जाताना. देवळात किंवा शेजारी जाताना नसते. आईने तिची सोय तिनेच केली. एक प्रत फोनच्या मागच्या कव्हरमध्ये, मजकूर बाहेरून दिसेल अशी. त्यासाठी पारदर्शक कव्हर घेतलं. दुसरी प्रत छोट्या बटव्यात, जो ती कमरेला खोचते. बाबांची एक प्रत पाकिटात आणि एक फोनच्या कव्हरमध्ये, कारण सकाळी फिरायला जाताना ते पाकीट नेत नाहीत.

विसरभोळेपणा वाढलेला असेल, वाट चुकण्याची भीती असेल, तर गोष्ट वेगळी. असा माणूस पाकीट आणि फोन दोन्ही विसरतो. सदऱ्याच्या आतल्या बाजूला कापडी पट्टी शिवून घ्या. तिच्यावर न जाणाऱ्या शाईने नाव, ‘वाट चुकतात’ आणि एक फोन नंबर. प्रत्येक सदऱ्याला, फक्त आवडत्या सदऱ्याला नव्हे.

फोन लॉक असताना नंबर दिसावेत म्हणून काय करायचं?

अँड्रॉइड फोनमध्ये `Settings` उघडा आणि वरच्या शोधपट्टीत `emergency` टाका. कंपनीनुसार मेनूची मांडणी वेगळी असते, पण `Safety & emergency` किंवा त्यासारखं काहीतरी सापडतं. त्यात दोन जागा भरायच्या: `Emergency contacts` मध्ये नंबर आणि `Medical info` मध्ये आजार-औषधं. ही माहिती लॉक स्क्रीनवर दिसू द्यायची का, असा खटका तिथेच असतो, तो चालू करा. पुष्कळ जण सगळं भरतात आणि नेमका हाच खटका राहून जातो.

आयफोनमध्ये `Health` अ‍ॅप उघडून वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप करा, मग `Medical ID`, मग `Edit`. तिथला खटका `Show When Locked` या नावाचा आहे.

मदत करणाऱ्याला लॉक स्क्रीनवर `Emergency` किंवा `Emergency call` दाबून आत जावं लागतं, तेव्हा ही माहिती दिसते. अडचण अशी, की ही वाट बहुतेकांना ठाऊकच नसते. तिथे फक्त पोलिसांना फोन लागतो असं त्यांना वाटतं. त्यामुळे अँड्रॉइडवर आणखी एक गोष्ट करा. लॉक स्क्रीनवर स्वतःची एक ओळ लिहिता येते. सेटिंगमध्ये `lock screen` शोधलं की सापडते. तिथे ‘तातडीसाठी’ आणि काकांचा नंबर लिहा. स्क्रीन उजळली की ती ओळ समोर येते, कुठे आत शिरावं लागत नाही. आयफोनवर तोच नंबर लिहिलेलं चित्र बनवून वॉलपेपर म्हणून लावता येतं. माझ्या मते सगळ्या सेटिंगमध्ये ही एक ओळ सर्वांत कामाची आहे.

संपर्कयादीत ‘आयसीई’ नावाने नंबर ठेवतात, ते पुरेसं नाही का?

ती कल्पना 2005 मध्ये ब्रिटनमधल्या बॉब ब्रॉची या रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने मांडली. ‘इन केस ऑफ इमर्जन्सी’ची आद्याक्षरं. तेव्हा फोनला सहसा कुलूप नसायचं, कोणीही संपर्कयादी उघडू शकायचा. आज कुलूपबंद फोनमधली ती नोंद कोणालाच दिसत नाही. साध्या बटणांच्या फोनमध्ये मात्र ती अजून उपयोगी आहे.

बाबांकडे साधा बटणांचा फोन आहे.

मग काम सोपं आहे. कुलूप लावू नका आणि संपर्कयादीतली नावं बदला. आईच्या जुन्या फोनमध्ये मी ‘बबडी’ होते आणि भाऊ ‘दाद्या’. अनोळखी माणसाने बबडीला फोन का करावा? आता ‘मुलगी पुणे’, ‘मुलगा बंगळूर’, ‘शेजारी काका’ अशी नावं आहेत. यादीत सगळ्यात वर यावीत म्हणून आधी ‘AA’ जोडलं आहे. 2 ते 4 या बटणांवर स्पीड डायल लावा. 5 आणि 9 मोकळी सोडा. 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये 5 किंवा 9 दाबून धरलं की 112 लागावा, असा नियम आहे. स्मार्टफोनसाठी याच नियमात पॉवरचं बटण झटपट तीनदा दाबण्याची सोय आहे. काही फोनमध्ये ते पाचदा दाबावं लागतं.

आणि रिचार्जची तारीख स्वतःकडे लिहून ठेवा. वैधता संपली की बाबांच्या फोनवरून तुम्हाला फोन लागत नाही, आणि ते कळतं नेमकं नको त्या दिवशी.

अनोळखी कॉल बंद करून ठेवलेत, फसवणुकीचे फार येतात. मग?

तुमचा नंबर कार्डावर असेल तर ते चालू करावे लागतील. मदत करणारा बहुधा स्वतःच्याच फोनवरून करतो, आणि तो तुमच्यासाठी अनोळखीच असतो. भावाने आयफोनवरचं अनोळखी कॉल गप्प करणारं सेटिंग काढून टाकलं. ते ज्यांना शक्य नाही, त्यांनी निदान एवढं ठरवावं: एकाच नंबरवरून लागोपाठ दुसरा कॉल आला की उचलायचा. कार्डावर आम्ही नंबरांच्या खाली बारीक ओळ घातली, ‘उचलला नाही तर लगेच पुन्हा करा’.

रात्रीचं निराळं. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून झोपत असाल तर आईवडिलांचे नंबर त्यातून वगळा. अँड्रॉइडमध्ये त्यांना तारांकित करून तारांकितांचे कॉल वाजू द्या. आयफोनमध्ये त्या संपर्काच्या रिंगटोनच्या पानावर `Emergency Bypass` चालू करा.

उलट बाजूही सांगून ठेवते. ‘तुमच्या वडिलांचा अपघात झालाय, पैसे पाठवा’ असे खोटे फोनही येतात. म्हणून आमच्यात ठरलंय: फोन आला की पैसे पाठवायच्या आधी काकांना प्रत्यक्ष जागेवर पाठवायचं.

108 की 112?

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108. 112 हा पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत या सगळ्यांसाठी एकच क्रमांक आहे. दोन्ही मोफत. कार्डावर एकच लिहा, नाहीतर वाचणारा विचारात पडतो. सेटिंग तपासण्यासाठी हे नंबर लावून पाहू नका. चुकून लागला तर गपकन कापू नका. ‘चुकून लागला, मदत नको’ एवढं सांगा.

घरातच पडले तर कार्डाचा काय उपयोग?

घरासाठी वेगळा कागद करा, ए-फोर आकाराचा, फ्रिजच्या दारावर लावायचा. त्यावर पूर्ण पत्ता, मजला आणि जवळची खूण लिहा. घाबरलेल्या आईला स्वतःच्या घराचा पत्ता फोनवर सांगता येत नाही, हे आम्ही अनुभवलंय. आमच्या कागदावर तर बोलायचं वाक्यच लिहिलंय: ‘मारुतीच्या देवळामागची गल्ली, निळं फाटक, तळमजला’. शेजारी सगळ्या औषधांची डोससकट यादी, आणि फाइल कुठल्या कपाटात आहे ते.

मग दाराची कडी. काकांकडे लॅचची किल्ली आहे म्हणून आम्ही निश्चिंत होतो. एकदा सहज करून पाहिलं तर दार उघडेना, कारण आई आतून वरची कडी लावते. आता दोघांपैकी एकच जण घरी असेल तेव्हा कडी लावायची नाही, असं ठरलंय. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी न लावण्याबद्दल मात्र बाबांशी अजून वाद चालू आहे.

बाबा म्हणतात, मला काय धाड भरलीये?

आमचेही म्हणाले. आईला तर ते अशुभच वाटलं. मी माझं स्वतःचं कार्ड आधी बनवलं, नवऱ्याचं बनवलं आणि मग दोघांपुढे ठेवलं. त्यानंतर बाबांनीच बसून त्यांच्या कार्डावरच्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. मजकूर त्यांच्या हाताने लिहून घ्या. त्यांना मान्य नसलेलं कार्ड चार दिवसांत टेबलाच्या खणात जातं.

सगळं नीट झालंय हे कसं ओळखायचं?

बाबांचा लॉक केलेला फोन आणि कार्ड सोसायटीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाच्या हातात द्या आणि फक्त एवढंच म्हणा, ‘हे आजोबा बेशुद्ध आहेत, घरच्यांना कळव.’ पुढे काही सुचवू नका. त्याला लॉक स्क्रीनवरून नंबर सापडतो का, आणि तुम्ही त्याचा अनोळखी कॉल उचलता का, ते बघा. आमच्या पहिल्या परीक्षेत त्या मुलाने कार्डावरचा नंबर लावला आणि तो लागलाच नाही. छापताना एक आकडा कमी पडला होता.

कार्ड किती दिवसांनी बदलायचं?

औषध किंवा नंबर बदलला की त्याच दिवशी. एरवी आम्ही गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला बघतो. दोन्हींत साधारण सहा महिन्यांचं अंतर असतं आणि तेव्हा सगळे घरी असतात. घरच्या कागदाच्या तळाशी ‘कार्डाच्या प्रती: पाकीट, दोन फोन, बटवा’ असं लिहून ठेवलंय, म्हणजे जुनी प्रत कुठे राहून जात नाही. नवी घातली की जुनी तिथल्या तिथे फाडायची. नवा फोन घेतला तर तातडीची माहिती आपोआप आली असेल असं धरू नका, पुन्हा उघडून बघा. बाबांच्या नव्या फोनमध्ये बाकी सगळे संपर्क आले होते, फक्त ती जागा कोरी होती.